मामांचे मृत्युपत्र, त्याची पुरवणी आणि इंग्रजी भाषांतर: ‘देऊन’ या एका शब्दावर अडले आहे

निर्झरा

नमस्कार. मी भाषांतराचे काम करते, परंतु ते यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे. मृत्युपत्राचे भाषांतर प्रथमच हाती घेतले आणि त्यातून घरात गैरसमज झाला, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या मामांनी २००९ मध्ये मराठीत मृत्युपत्र केले आणि २०१६ मध्ये त्याला दीड पानाचे पुरवणी मृत्युपत्र जोडले. मामा २०१९ मध्ये गेले व मामी गेल्या वर्षी गेल्या. सदनिका दादरला असल्याने प्रोबेटचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात करायचा आहे. धाकटा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला मराठी बोलता येते, पण असा मजकूर वाचून कळत नाही. म्हणून वकिलांनी एक कच्चे इंग्रजी भाषांतर करून मागितले आणि ते काम माझ्याकडे आले. वादाचा मजकूर शब्दशः देते.

मृत्युपत्र, परिच्छेद ४: “माझी दादर येथील सदनिका माझ्या पश्चात माझ्या पत्नीने तिच्या चरितार्थासाठी व राहण्यासाठी तिच्या हयातीत उपभोगावी व तिच्या पश्चात माझ्या धाकट्या मुलाने त्याच्या बहिणीस रु. ५,००,००० (अक्षरी रुपये पाच लाख मात्र) देऊन सदर सदनिका मालकी हक्काने घ्यावी.”

मृत्युपत्र, परिच्छेद ६: “उरलेली सर्व मिळकत माझ्या मुलांनी समान वाटून घ्यावी.”

पुरवणी, परिच्छेद २: “मूळ मृत्युपत्राच्या परिच्छेद ५ मधील मुलीस द्यावयाच्या रकमेत वाढ करून रुपये सात लाख द्यावेत. बाकी मजकूर कायम आहे.”

परिच्छेद ४ मधील ‘देऊन’साठी मी ‘ऑन कंडिशन दॅट ही पेज’ असे लिहिले, आणि पुरवणीतील वाक्यासाठी ‘इन्क्रीज्ड बाय रुपीज सेव्हन लॅक्स’. धाकट्याने वाचून रात्री अकरा वाजता फोन केला, की पाच आणि सात मिळून बारा लाख द्यायचे असे बाबा कधीच बोलले नव्हते. चूक माझी होती. परंतु ती सुधारताना बाकीचे शब्दही डळमळीत वाटू लागले. ‘देऊन’ला नेमके काय म्हणावे?

पेठेतला

यात एवढे अडण्यासारखे काय आहे हे मला समजले नाही. कायद्याच्या इंग्रजीत अशा जागी ‘सब्जेक्ट टू’ आणि ‘प्रोव्हायडेड ऑलवेज’ असे रूढ शब्द आहेत, ते वापरावेत. न्यायालयात जाणारा कागद न्यायालयाच्या भाषेत असला पाहिजे. घरगुती मराठीचे घरगुती इंग्रजी केले तर न्यायाधीशांना त्याचे वजन कसे जाणवणार?

जुना_भाषांतरकार

पेठेतला यांचा सल्ला अनेक जण देतात आणि त्यानेच बहुतेक भाषांतरे बिघडतात, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. मी नोकरीत असताना न्यायालयीन कागदांची भाषांतरे केली, आता निवृत्त आहे.

भारतीय वारसा अधिनियम १९२५ च्या कलम ७४ प्रमाणे मृत्युपत्रात तांत्रिक शब्द वापरण्याची गरज नसते, करणाऱ्याचा हेतू कळला की पुरे. मूळ लिहिणाऱ्याला ही मोकळीक आहे, आणि तिचा उलट परिणाम भाषांतरकारावर होतो. मामांनी तांत्रिक शब्द वापरला नसेल, तर तो भाषांतरात आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘सब्जेक्ट टू’ लिहिले की तुम्ही अर्थ लावून मोकळे झालात, आणि अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम आहे.

आता ‘देऊन’. मराठीतले ऊन-प्रत्ययाचे रूप फार लवचीक आहे. ‘चहा पिऊन गेला’ यात आधी चहा, मग जाणे, असा क्रम आहे. ‘हसून म्हणाला’ यात क्रम नाही, म्हणण्याची रीत आहे. ‘भाडे देऊन राहतो’ यात देणे आणि राहणे बरोबरच चालते. यातल्या कोणत्याही वाक्यात ‘तरच’ नाही. “बहिणीस रक्कम दिल्यासच सदनिका घ्यावी” असे मामा लिहू शकले असते, पण त्यांनी तसे लिहिलेले नाही. तुमच्या ‘ऑन कंडिशन दॅट’ने नसलेले ‘तरच’ आत घातले आहे.

मी ‘शॅल, हॅविंग पेड टू हिज सिस्टर..., टेक द सेड फ्लॅट’ अशी रचना ठेवीन. इंग्रजीत ती थोडी अवघडलेली वाटते, तर वाटू द्यावी. ‘शॅल पे अँड टेक’ असे सुटसुटीत केले तर दोन स्वतंत्र आज्ञा होतात आणि रक्कम व सदनिका यांचा सांधा सुटतो.

निर्झरा

धन्यवाद. पण ‘हॅविंग पेड’ म्हटल्याने पैसे आधी पूर्ण दिले पाहिजेत असे ठरत नाही का? ‘देऊन’मध्ये तेवढी सक्ती मला ऐकू येत नाही.

जुना_भाषांतरकार

तुमचा कान बरोबर आहे. इंग्रजीत तो क्रम थोडा जास्त घट्ट होतो. ‘बाय पेइंग’ घेतले तर उलट दोष येतो, कारण पैसे देणे हाच सदनिका मिळण्याचा मार्ग ठरतो आणि बक्षिसाची खरेदी होते. ‘ऑन पेइंग’ या दोहोंच्या मधे बसते, पण कायद्याचे इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात अट दिसते. पूर्ण जुळणारा शब्द मला आजवर मिळालेला नाही. अशा जागी मी भाषांतरकाराच्या टिपेत मूळ शब्द देवनागरीत देत असे आणि हे क्रियापदाचे पूर्वकालवाचक रूप आहे, एवढेच लिहीत असे.

अशिल_वकील

मी वकिली करते, त्यामुळे या एका शब्दाने व्यवहारात काय बदलते ते सांगते. ‘देऊन’ ही पूर्वअट मानली, तर पैसे दिल्याशिवाय धाकट्याचा सदनिकेवर हक्कच उत्पन्न होत नाही. मग त्याने दिलेच नाहीत तर सदनिका परिच्छेद ६ मधील उरलेल्या मिळकतीत जाते का, असा प्रश्न उभा राहतो. ती अट न मानता सदनिकेवरचा बोजा किंवा धाकट्यावरची जबाबदारी मानली, तर सदनिका त्याची होते आणि बहिणीला रक्कम वसूल करण्याचा हक्क राहतो. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. न्यायालय कलम ८२ प्रमाणे सबंध मृत्युपत्र वाचून ठरवील. भाषांतरातच ‘कंडिशन’ छापून आले, तर समोरचा वकील त्याच शब्दावर बोट ठेवील आणि मराठी मूळ बाजूला पडेल.

कोणताही पर्याय घेतलात तरी या मृत्युपत्रात रक्कम देण्याची मुदत नाही हे लक्षात ठेवा. ‘फोर्थविथ’, ‘देअरअपॉन’ असले काळ दाखवणारे शब्द ओघात येतात, ते येऊ देऊ नका.

सागरतीर

मला एक कळत नाही. इतका त्रास घेण्यापेक्षा मृत्युपत्र सरळ इंग्रजीतच का करू नये? माझे वय ६८ आहे, मुले परदेशात आहेत. माझे मराठी मृत्युपत्र रद्द करून इंग्रजीत नवे केले तर चालेल का, आणि त्यासाठी नोंदणी लागते का?

अशिल_वकील

सागरतीर, इथे प्रश्न वेगळा आहे. मामा हयात नाहीत, त्यामुळे नवे मृत्युपत्र होण्याचा प्रश्नच नाही. तुमच्यापुरते उत्तर असे, की मृत्युपत्र कोणत्याही भाषेत करता येते आणि नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्याच भाषेत ते करावे, असे माझे मत आहे. अर्धवट कळणाऱ्या इंग्रजीवर सही केली, की पुढे मजकूर समजला होता का यावरच वाद होतो. सविस्तर विचारायचे असल्यास वेगळा धागा काढावा.

निर्झरा

आता परिच्छेद ४ च्या पहिल्या भागाबद्दल. ‘चरितार्थासाठी व राहण्यासाठी तिच्या हयातीत उपभोगावी’ याचे मी ‘मे यूज अँड ऑक्युपाय ड्युरिंग हर लाइफटाइम’ केले आहे. ‘चरितार्थासाठी’ हा शब्द गाळला, कारण पत्नी घरात राहणार म्हणजे तिची सोय होणारच, आणि जुन्या मराठीत अशी शब्दांची जोडी अलंकार म्हणून येते असे मला वाटले.

पेठेतला

तो शब्द ठेवा किंवा गाळा, काही फरक पडत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीला मिळालेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक होते. ‘हयातीत’ लिहिले तरी ते निष्फळच आहे.

अशिल_वकील

पेठेतला यांनी कलमाचा अर्धाच भाग सांगितला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम १४ च्या पहिल्या पोटकलमात तुम्ही म्हणता ते आहे. दुसरे पोटकलम म्हणते, की मृत्युपत्र, बक्षीसपत्र किंवा हुकूमनामा यांनीच मर्यादित हक्क दिला असेल तर पहिले पोटकलम लागू होत नाही. पण गोष्ट तिथेही संपत नाही. १९७७ च्या तुलसम्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्त्रीच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळकत दिली असेल तर दुसरे पोटकलम आड येत नाही आणि ती पूर्ण मालक होते. पुढच्या निकालांत यावर मते इतकी फाटत गेली, की २०२४ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा लागला.

आता तुमच्या मजकुराकडे पाहा. ‘चरितार्थासाठी’ हाच तो शब्द आहे, ज्यावरून मामींना ही सदनिका पोटगीच्या हक्कापोटी दिली असे म्हणता येईल. मामी पूर्ण मालक झाल्या असे ठरले, तर ‘तिच्या पश्चात धाकट्याने घ्यावी’ हा भाग टिकणार नाही आणि सदनिका मामींच्या वारसांत, म्हणजे सगळ्या मुलांत वाटली जाईल. असे होईल असे मी म्हणत नाही, पण तसा युक्तिवाद होऊ शकतो. तुम्ही तो शब्द गाळून एका बाजूचा युक्तिवादच पुसून टाकला आहे, आणि तोही अशा भावासाठी केलेल्या भाषांतरात, ज्याचा त्यात फायदा आहे.

निर्झरा

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या मनात कोणाची बाजू नव्हती, पण कागद पाहणाऱ्याला ते कसे कळणार? ‘फॉर हर मेन्टेनन्स अँड फॉर हर रेसिडेन्स’ असे घालते.

जुना_भाषांतरकार

‘मेन्टेनन्स’ घालण्यापूर्वी थांबा. तो शब्द कायद्यात पोटगीसाठी ठरलेला आहे, आणि मामांनी ‘पोटगी’ लिहिलेले नाही. ‘चरितार्थ’ म्हणजे उपजीविका, ‘लाइव्हलीहुड’ किंवा ‘सब्सिस्टन्स’. मघा शब्द गाळून तराजू एका बाजूला झुकला होता, आता तो दुसऱ्या बाजूला झुकेल. मी ‘लाइव्हलीहुड’ घेईन.

‘उपभोगावी’साठी ‘यूज अँड ऑक्युपाय’ अपुरे आहे. त्यात स्वतः राहणे येते, भाड्याने देऊन भाडे घेणे येत नाही. मराठी उपभोगात उत्पन्न येते, आणि शेजारी चरितार्थ असताना तर नक्कीच येते. ‘एन्जॉय’ हा शब्द मौजेचा वाटला तरी कायद्याच्या इंग्रजीत तोच बसतो.

आणखी एक. तुम्ही ‘उपभोगावी’ला ‘मे’, ‘घ्यावी’ला ‘शॅल’ आणि बहुधा ‘वाटून घ्यावी’ला ‘शुड’ लावले असेल. मूळात तिन्ही ठिकाणी एकच विध्यर्थी रूप आहे. मामांनी बायकोला परवानगी, मुलाला हुकूम आणि सगळ्यांना विनंती असा भेद केलेला नाही. सगळीकडे ‘शॅल’ ठेवा. वेगळेपण जिथे आहे तिथे ते दिसू द्या: ‘मालकी हक्काने’ हे शब्द फक्त मुलासाठी आले आहेत, पत्नीसाठी नाहीत. ‘मालिक’ या शब्दाचे वजन सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच रामगोपाल विरुद्ध नंदलाल या प्रकरणात तपासले. तो शब्द सामान्यतः पूर्ण मालकी दाखवतो, पण आजूबाजूच्या मजकुराने त्याला मर्यादा येऊ शकते, असे तिथे म्हटले आहे. म्हणून ‘ॲज ओनर’ एवढेच लिहा. ‘ॲब्सोल्यूट’ हे विशेषण आपल्या पदरचे घालू नका.

मोडीवाचक

चर्चेला थोडा फाटा फोडतो. आमच्या पणजोबांचे मृत्युपत्र मोडी लिपीत आहे. एका गृहस्थांनी त्याचे देवनागरी लिप्यंतर केले आणि त्यावरून दुसऱ्या बाईंनी इंग्रजी भाषांतर केले. आमच्या वकिलांनी ते परत पाठवले. कारण विचारले तर सत्यापनाचा मजकूर जुळत नाही, एवढेच सांगितले. यात चूक काय?

अशिल_वकील

१९२५ च्या अधिनियमातील कलम २७७ पाहा. मृत्युपत्र इंग्रजीत नसेल आणि त्या न्यायालयाच्या नेहमीच्या भाषेतही नसेल, तर अर्जासोबत भाषांतर लागते. त्या भाषेसाठी न्यायालयाचा भाषांतरकार नेमलेला असेल तर त्याचेच, नसेल तर कोणाही जाणकाराचे. अशा जाणकाराने जे लिहून द्यायचे त्याचा मजकूर कलमातच आहे. त्यात तो मूळ दस्तऐवजाची भाषा आणि लिपी दोन्ही वाचतो व पूर्णपणे समजतो, असे म्हणतो. तुमच्या भाषांतरकार बाईंना मोडी येत नसेल, तर त्या हे लिहून देऊ शकत नाहीत. लिप्यंतर करणाऱ्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र जोडून भागेल का, याचे सरसकट उत्तर मी देणार नाही. त्या न्यायालयाच्या कार्यालयातच विचारा.

निर्झरा, याच कलमामुळे तुमचे भाषांतर हे कच्चेच राहणार आहे. उच्च न्यायालयात मराठीसाठी भाषांतर कार्यालय आहे आणि अर्जाला तिथलेच प्रमाणित भाषांतर लागेल. हाच अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात असता, तर तिथे मराठी चालत असल्याने भाषांतराची गरजच पडली नसती. तरीही तुमच्या मसुद्यावरून भाऊ संमती देणार किंवा नाकारणार आहे, म्हणून तो अचूक हवा.

निर्झरा

आता पुरवणी. ‘वाढ करून रुपये सात लाख द्यावेत’ याचा अर्थ पाचाचे सात, हे मला आता स्पष्ट दिसते. म्हणून ‘इन स्टेड ऑफ फाइव्ह लॅक्स’ असे घालून टाकू का, म्हणजे पुन्हा फोन येणार नाही?

जुना_भाषांतरकार

घालू नका. पुरवणीत ‘ऐवजी’ हा शब्द नाही आणि ‘पाच’ हा आकडाही नाही. इथेही ऊन-प्रत्ययच आहे, ‘वाढ करून’. ‘इन्क्रीझिंग द अमाउंट टू बी गिव्हन टू द डॉटर..., रुपीज सेव्हन लॅक्स शॅल बी गिव्हन’ असे मूळाच्या क्रमाने ठेवले, तर ‘बाय’ किंवा ‘टू’ या दोहोंपैकी काहीच निवडावे लागत नाही आणि वाचणाऱ्याला सात लाखच दिसतात.

अशिल_वकील

निर्झरा, ‘ऐवजी’चा मोह का टाळायचा हे कलम १०१ वरून कळेल. एकाच व्यक्तीला एक रक्कम मृत्युपत्रात आणि दुसरी पुरवणीत दिली असेल, तर वेगळा हेतू दिसत नसल्यास तिला दोन्ही मिळतात. म्हणजे पुरवणीत नुसते ‘मुलीस सात लाख द्यावेत’ असते, तर धाकट्याला भीती वाटली तेच, बारा लाख, हाच सरळ निष्कर्ष ठरला असता. इथे ‘रकमेत वाढ करून’ हे शब्द वेगळा हेतू दाखवतात. धाकट्याच्या बाजूचा तोच आधार आहे, म्हणून तो भाषांतरात जसाच्या तसा दिसला पाहिजे. तुम्ही ‘ऐवजी’ लिहिलेत, तर बहिणीचे वकील म्हणतील, की भाषांतरकाराने आपले मत घातले.

एक विचारायचे होते. पुरवणीत ‘परिच्छेद ५’ म्हटले आहे, पण रक्कम तर परिच्छेद ४ मध्ये आहे. हा टंकलेखनाचा दोष इथे धाग्यावर झाला की मुळातच आहे?

निर्झरा

मुळातच आहे. परिच्छेद ५ हा मामांच्या पुस्तकांविषयी आहे. मी भाषांतरात तो आकडा गुपचूप ४ केला होता, उघड चूक आहे म्हणून.

जुना_भाषांतरकार

पुन्हा ५ करा. चुकीचा आकडाही मृत्युपत्राचा भाग आहे. पुढे चौकोनी कंसात ‘मूळात असेच’ एवढी टीप द्या. चूक उघड आहे की नाही, हे कोर्ट ठरवील. पुरवणी करताना मामांपुढे कोणती प्रत होती, कदाचित परिच्छेदांचे क्रमांक वेगळे असलेला जुना मसुदा होता का, हाही प्रश्न कोणी विचारू शकेल, आणि तुमच्या ‘४’ने तो प्रश्नच नाहीसा केला असता.

शेवटचा साक्षांकनाचा मजकूरही पाहून घ्या. ‘त्यांनी आम्हां उभयतांसमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या’ असे काही असेल. लोक त्याचे ‘विटनेस्ड बाय’ एवढेच करतात. कलम ६३ प्रमाणे कोणी कोणासमोर सही केली हेच सिद्ध करायचे असते, तेव्हा दोन्ही ‘समक्ष’ यायला हवेत. कुठे खाडाखोड असून बाजूला आद्याक्षरे असतील, तर तेही नोंदवा.

निर्झरा

पुरवणीत ‘सात’ हा शब्द आधी लिहिलेला ‘सहा’ खोडून वर लिहिला आहे आणि बाजूला मामांची आद्याक्षरे आहेत. साक्षीदारांची नाहीत.

अशिल_वकील

हे तुम्ही पहिल्या प्रतिसादात सांगायला हवे होते. कलम ७१ प्रमाणे, सही झाल्यानंतर केलेल्या दुरुस्तीला मृत्युपत्राप्रमाणेच सही व साक्षांकन लागते. खोडलेला शब्द वाचता येतो का, दुरुस्ती साक्षीदारांसमोर सहीपूर्वी झाली का, हे त्या दोघांपैकी जो हयात असेल त्यालाच विचारावे लागेल. तुम्ही भाषांतरात ‘सिक्स’ खोडलेला, वर ‘सेव्हन’, बाजूला आद्याक्षरे, असे जसे दिसते तसे दाखवा आणि मूळाची रंगीत प्रत आजच वकिलांकडे पाठवा.

पेठेतला

परिच्छेद ६ मधील ‘मुलांनी’बद्दल कोणीच बोलले नाही. ते ‘सन्स’ आहे हे उघड आहे. जुनी माणसे मुलींना मुलीच म्हणत.

जुना_भाषांतरकार

उघड नाही. ‘मुलगे’ लिहिले असते तर प्रश्न नव्हता. ‘मुले’मध्ये मुलगे-मुली दोन्ही येतात, आणि ‘मुलांनी’ या रूपातून मुलगे वेगळे काढता येत नाहीत. परिच्छेद ४ मध्ये मामांनी मुलाच्या संदर्भात ‘बहीण’ म्हटले आहे. पुरवणीत ते तिला ‘मुलगी’ म्हणतात. तुम्हाला दोन्ही बाजूंनी पुरावा मिळेल. मी ‘चिल्ड्रन’ लिहीन, कारण तो शब्द ‘मुले’इतकाच रुंद आहे, आणि टिपेत ‘मुलांनी’ देवनागरीत ठेवीन.

पेठेतला

मग मुलीला सात लाखही आणि उरलेल्यातला हिस्साही? मामांच्या मनात तसे असेल असे मला वाटत नाही.

निर्झरा

मामांच्या मनात काय होते हे मलाही माहीत नाही. मोठ्या मामेभावाचे मत तुमच्यासारखे आहे, बहिणीचे उलट. सुधारलेला मसुदा काल रात्री पूर्ण केला. ‘हॅविंग पेड’, ‘लाइव्हलीहुड’, ‘एन्जॉय’, ‘चिल्ड्रन’, परिच्छेद ५ जसाच्या तसा आणि खोडलेला ‘सिक्स’. साक्षीदारांपैकी एक जण ठाण्याला असतात, वय ८१. रविवारी त्यांच्याकडे वकिलांबरोबर जायचे ठरले आहे.